जर्मन मेन्यू, एक बिल आणि चुकांचे ठसे : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

जर्मन भाषेच्या पहिल्या पातळीवरील, म्हणजे ए१ पातळीवरील प्रौढ विद्यार्थ्यांसाठी एक मेन्यू आणि त्यावर आधारित प्रश्नसंच तयार करण्याचे काम आजपासून सुरू केले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय भाषिक चौकटीत संख्या, प्रमाण, किंमत आणि वेळ हाताळता येणे ही याच पातळीची क्षमता मानली आहे. त्यामुळे पाठ्यपुस्तकांत अशा प्रश्नांची कमतरता नाही. कमतरता आहे ती त्या प्रश्नांच्या उत्तरांवरून शिक्षकाला काही कळण्याची. विद्यार्थ्याचे बिल चुकले एवढे दिसते, पण तो बेरजेत चुकला, शब्दात चुकला की वेळ वाचताना चुकला हे बिलावरून समजत नाही. उत्तर चुकले तर नेमका कोणता शब्द निसटला हे त्या आकड्यावरूनच ओळखता यावे, असा प्रश्न तयार करायचा आहे.

नोंदींमध्ये जर्मन शब्द देवनागरीत, कानाला येतात तसे लिहीत आहे. विद्यार्थ्यांना दिलेल्या कागदावर ते अर्थातच मूळ लिपीत आहेत.

९ जानेवारी

माझ्याकडचे जुने आठ प्रश्न एका सहकारी शिक्षिकेला सोडवायला दिले. त्यांना जर्मन अजिबात येत नाही आणि मी त्यांना तशाच हेतूने निवडले होते. त्यांची आठपैकी पाच उत्तरे बरोबर आली.

हे कसे झाले ते त्यांच्यासोबत बसून पाहिले. प्रश्नात जो शब्द होता तोच शब्द मेन्यूत होता आणि त्याच्या समोर एकच आकडा होता. शब्दाची आकृती जुळवली की उत्तर मिळत होते, अर्थ कळण्याची गरजच नव्हती. जिथे दोन आकडे मिळवायचे होते तिथे प्रश्नात ठळकपणे दोन पदार्थ दिसत होते, म्हणून त्यांनी बेरीज केली आणि ती बरोबर आली. म्हणजे हे पाच प्रश्न जर्मन वाचता येते का हे तपासत नव्हते. डोळे आणि बेरीज ठीक आहेत ना, एवढेच ते तपासत होते.

त्यांचे जे तीन प्रश्न चुकले त्या प्रत्येकात एकेक लहान शब्द होता. एकात ‘आप’, म्हणजे ‘पासून’ (लिहिताना शेवटी ब, उच्चारताना प). दुसऱ्यात ‘ये’, म्हणजे ‘प्रत्येकी’. तिसऱ्यात ‘नूर’, म्हणजे ‘फक्त’. ज्या शब्दांना विद्यार्थी शब्दसंग्रहाच्या वहीत जागाही देत नाहीत, तेच शब्द बिलाची रक्कम ठरवत होते. सूप, सॅलड, कोला हे शब्द तर ओळखीचे वाटतातच. पुढच्या कामाची दिशा इथेच ठरली : प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एखाद्या लहान शब्दावर टांगलेले असले पाहिजे, आणि प्रश्नातले शब्द मेन्यूतल्या शब्दांशी जसेच्या तसे जुळता कामा नयेत.

१४ जानेवारी

मेन्यूचा पहिला मसुदा झाला. कल्पित उपाहारगृह, खऱ्या मेन्यूची मांडणी. मराठीत त्याचा आशय असा :

दिवसाचे सूप : ४,८०
भाजी घातलेले नूडल्स : ९,९०
मुलांची ताटली (फक्त १२ वर्षांखालील) : ५,९०
दुपारचे जेवण, सोमवार ते शुक्रवार, १२ ते १४ वाजता (सूप आणि नूडल्स) : १०,९०
वेगळा सॉस, प्रत्येकी : ०,८०
संत्र्याचा रस, ०,२ लिटर / ०,४ लिटर : २,८० / ४,८०
कोला, ०,३ लिटर : ३,२०
केक : ३,४० पासून
कॉफी आणि केक, १५ वाजल्यापासून : ५,२०

किमतींतला स्वल्पविराम मुद्दाम तसाच ठेवला आहे. जर्मनमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि हजारांचे गट पाडायला टिंब, म्हणजे आपल्या सवयीच्या नेमके उलट. मेन्यूत याने फारसा घोटाळा होत नाही, कारण चारशे ऐंशी युरोंचे सूप कुणाला पटत नाही. पण विद्यार्थी उत्तर लिहिताना पुन्हा टिंबाकडे वळतात, म्हणून उत्तराच्या जागी ‘___,___ युरो’ असा साचा छापला आहे. पूर्ण युरोची किंमत ‘३,–’ अशी लिहिण्याची पद्धतही त्यांना दाखवायला हवी. ती आडवी रेघ वजाबाकीची नसते, तिचा अर्थ ‘वर सेंट नाहीत’ एवढाच असतो.

मुलांच्या ताटलीच्या ओळीवर बराच वेळ गेला. प्रथम मी ‘बिस १२’, म्हणजे ‘१२ वर्षांपर्यंत’ असे लिहिले होते. १२ वर्षे पूर्ण झालेले मूल त्यात बसते की नाही? मराठीतल्या ‘१२ वर्षांपर्यंत’ या शब्दांनाही हाच प्रश्न लागू होतो आणि दोन्ही भाषांत लोक दोन्ही बाजूंनी वाद घालू शकतात. खऱ्या दरपत्रकांत ‘बिस’ सर्रास आढळतो आणि दारावर माणूस असतो, त्याला विचारता येते. प्रश्नपत्रिकेवर विचारायला कुणी नसते. म्हणून ‘उंटर १२’, म्हणजे ‘१२ वर्षांखालील’ असे केले. यात १२ वर्षांचे मूल निःसंशय बाहेर राहते. ‘पर्यंत’च ठेवायचे असते तर सोबत ‘आयन्श्लीसलिश’, म्हणजे ‘धरून’ हा शब्द द्यावा लागला असता, आणि तो या पातळीला जड आहे.

‘आप’ मात्र मेन्यूत दोन ठिकाणी ठेवला आणि दोन्हीकडे त्याचे काम वेगळे आहे. ‘आप १५ उअर’ म्हणजे दुपारी तीन वाजल्यापासून पुढे केव्हाही. ‘केक आप ३,४०’ म्हणजे सर्वांत स्वस्त केक ३,४० युरोंचा, इतर त्याहून महाग. दुसऱ्या अर्थावर मी आकडेमोड नसलेला एक प्रश्न बेतला : चॉकलेट केकची किंमत किती? पर्याय तीन : ३,४० युरो, ५,२० युरो, मेन्यूवरून सांगता येत नाही. तिसरा पर्याय बरोबर. ज्याने ‘आप’ वाचलाच नाही तो हमखास पहिला निवडेल.

१९ जानेवारी

आज मुख्य प्रश्न लिहिला. प्रसंग साधा आहे, पण त्यात चार अडथळे बसवले आहेत.

एक कुटुंब बुधवारी ‘हाल्प त्स्वाय’ वाजता येते. आई आणि वडील दोघांनाही सूप आणि नूडल्स हवे आहेत. मुलगी ११ वर्षांची, मुलगा १२ वर्षांचा. दोन्ही मुलांना मुलांची ताटली हवी आहे, ज्याला ती मिळू शकत नाही तो नूडल्स घेतो. मुले प्रत्येकी एक मोठा संत्र्याचा रस घेतात. शिवाय एकूण दोन सॉस मागवले आहेत. कुटुंबाला शक्य तितके कमी पैसे द्यायचे आहेत. वडील ५० युरोंची नोट देतात. किती पैसे परत मिळतील?

बरोबर वाचन असे. ‘हाल्प त्स्वाय’ म्हणजे दीड, बुधवार हा सोमवार ते शुक्रवारमध्ये येतो, म्हणून आईवडिलांना दुपारचे जेवण मिळते : दोनदा १०,९०, म्हणजे २१,८०. मुलीला ताटली ५,९०. मुलगा १२ वर्षांचा असल्याने नूडल्स ९,९०. मोठा रस म्हणजे ०,४ लिटर. मेन्यूत ‘मोठा’ हा शब्द नाही, तो अर्थ मापावरून काढायचा आहे. दोन रसांचे ९,६०. सॉस प्रत्येकी ०,८०, म्हणजे १,६०. एकूण ४८,८०, परत १,२०.

कर मिळवण्याचा प्रश्न येत नाही, कारण जर्मनीत ग्राहकाला दाखवलेल्या किमतीत मूल्यवर्धित कर धरलेला असावाच लागतो. बक्षिसी मेन्यूवर नसते, म्हणून प्रश्नातही घेतली नाही. हे दोन्ही मुद्दे वर्गात तोंडी सांगायचे ठरवले आहे, नाहीतर प्रामाणिकपणे विचार करणारा एखादा विद्यार्थी याच ठिकाणी अडकतो.

२३ जानेवारी

नऊ विद्यार्थ्यांबरोबर पहिली चाचणी घेतली. तिघांचे उत्तर बरोबर आले. आणखी तिघांनी एकूण ४४,८० लिहिले, आणि हे तिन्ही कागद पाहून मला प्रथम आनंद झाला. तिघेही ‘उंटर’ शब्दात फसले, मुलाला ताटली देऊन बसले आणि नूडल्सच्या ९,९० ऐवजी ५,९० धरल्याने बिल ४ युरोंनी उतरले, असा माझा निष्कर्ष होता.

तो निष्कर्ष चुकीचा होता. तिघांना एकेक करून बोलावले आणि हिशेब कसा केला ते सांगायला लावले. पहिल्याने खरोखरच ताटली दोन्ही मुलांना दिली होती. दुसरी विद्यार्थिनी मात्र म्हणाली, “मॅडम, मुलाला नूडल्सच दिले मी. बारा म्हणजे बाराच्या खाली नाही ना.” तिने रस छोटा धरला होता : दोनदा २,८०. मोठ्या आणि छोट्या रसाच्या किमतीत २ युरोंचा फरक, रस दोन, म्हणून बिल ४ युरोंनीच उतरले. तिसऱ्यानेही रसाचीच चूक केली होती.

म्हणजे दोन वेगळ्या चुका मी स्वतःच्या हाताने एकाच आकड्यावर आणून ठेवल्या होत्या. तोंडी विचारले नसते तर ज्या विद्यार्थिनीला ‘उंटर’ उत्तम समजतो तिला मी पुन्हा ‘उंटर’ शिकवला असता. किमती निवडताना मी त्या खऱ्या वाटतील एवढेच पाहिले होते. त्यांच्यातले फरक पाहिले नव्हते. अशा प्रश्नात किमतींपेक्षा किमतींमधल्या फरकांना जास्त महत्त्व असते, हे आज पुरते समजले.

२४ जानेवारी

पूर्ण संध्याकाळ आकडे जुळवण्यात, खरे म्हणजे ते जुळू न देण्यात गेली.

नूडल्स ९,९० वरून ९,२० केले आणि मोठा रस ४,८० वरून ४,९०. बाकी सर्व तसेच. आता बरोबर बिल असे होते : दुपारची जेवणे २१,८०, ताटली ५,९०, नूडल्स ९,२०, रस ९,८०, सॉस १,६०. एकूण ४८,३०, परत १,७०.

प्रत्येक चुकीने बिल किती हलते ते असे मांडले. ‘उंटर’ निसटला आणि मुलालाही ताटली दिली तर बिल ३,३० ने कमी होऊन ४५,०० येते. ‘मोठा’ निसटला तर ४,२० ने कमी होऊन ४४,१०. ‘ये’, म्हणजे ‘प्रत्येकी’ निसटून दोन्ही सॉसचे मिळून ०,८० धरले तर ४७,५०. दुपारच्या जेवणाची सवलत घेतली नाही तर आईवडिलांचे प्रत्येकी ४,८० अधिक ९,२०, म्हणजे १४,०० होतात, बिल ६,२० ने वाढून ५४,५० होते आणि ५० युरोंची नोट पुरतच नाही. ही शेवटची चूक विद्यार्थ्याला स्वतःलाच जाणवण्याची शक्यता असते, कारण प्रश्न परत मिळणाऱ्या पैशांबद्दल आहे. काही जण तिथे थांबून पुन्हा वाचतील, आणि ते चांगलेच आहे.

एकाच विद्यार्थ्याकडून दोन चुका झाल्या तर? चार चुकांच्या सर्व जोड्या, त्रिकुटे आणि चारही एकत्र, असे ताडून पाहिले. पंधरा शक्यतांपैकी कोणत्याही दोन एका आकड्यावर येत नाहीत. सर्वांत जवळच्या जोड्यांपैकी एक आहे ४४,१० (फक्त रसाची चूक) आणि ४४,२० (ताटली आणि सॉस दोन्ही चुकले). दहा सेंटांचे अंतर कमी आहे, पण आहे. सॉस ०,९० करावा असे मध्येच मनात आले होते, कारण ती किंमत अधिक स्वाभाविक वाटत होती. तसे केले असते तर ताटली आणि सॉसच्या एकत्रित चुकीने बिल नेमके ४,२० ने उतरले असते, म्हणजे पुन्हा रसाच्या चुकीवर येऊन बसले असते. सॉस ०,८० वरच ठेवला.

२९ जानेवारी

५४,५० या उत्तरात एक अडचण राहिली आहे आणि ती किमती बदलून सुटणार नाही. दुपारच्या जेवणाची सवलत दोन कारणांनी हुकू शकते. एक, विद्यार्थ्याने ती ओळ पाहिलीच नाही किंवा सूप आणि नूडल्स हे त्याच जेवणाचे भाग आहेत हे त्याच्या लक्षात आले नाही. दोन, त्याने ओळ वाचली, पण ‘हाल्प त्स्वाय’ म्हणजे अडीच असे समजून कुटुंब १४ वाजल्यानंतर आले असे ठरवले. आकडा एकच, कारणे दोन.

‘हाल्प त्स्वाय’चा शब्दशः अर्थ ‘अर्धा दोन’. इंग्रजीच्या सवयीने विद्यार्थी ‘दोन आणि अर्धा’ असा अर्थ लावतात आणि तासाभराने चुकतात. जर्मन माणूस मात्र दुसरा तास अर्धा झाला असे म्हणत असतो. मराठी विद्यार्थ्याला हे परके वाटू नये, कारण आपला ‘दीड’ असाच घडला आहे : संस्कृत ‘द्व्यर्ध’, म्हणजे ज्यातला दुसरा अर्धा आहे तो. ‘अडीच’ हा ‘अर्धतृतीय’वरून आला, तिसरा अर्धा. जर्मन ‘हाल्प द्राय’, म्हणजे ‘अर्धा तीन’, हा हुबेहूब आपला अडीच आहे. दीडसाठीचा ‘आंडर्थाल्प’ हा शब्दही ‘दुसरा अर्धा’ असाच बनलेला आहे. वर्गात फळ्यावर ‘दीड’ आणि ‘हाल्प त्स्वाय’ शेजारीशेजारी लिहून हे दाखवले तेव्हा काहींच्या चेहऱ्यावर ओळख पटल्यासारखे भाव आले. मला स्वतःला हा धागा फार आवडतो. विद्यार्थी इंग्रजीवरून फिरून जर्मनकडे जातात, आणि कितीतरी वेळा मराठीतून सरळ जाणारी वाट जवळची असते. संख्यांचेही तसेच आहे. ‘आख्ट-उंट-फिर्त्सिश’, म्हणजे ‘आठ आणि चाळीस’, हे ऐकून ८४ लिहिणारे विद्यार्थी ‘अठ्ठेचाळीस’ म्हणताना आधी आठच म्हणतात, हे त्यांच्या लक्षात आणून द्यावे लागते.

अडचणीवर उपाय असा केला : मोठ्या प्रश्नाच्या आधी एक छोटा प्रश्न घातला. ‘कुटुंब किती वाजता येते? आकड्यांत लिहा.’ १३.३० लिहून पुढे ५४,५० लिहिणाऱ्याने सवलतीची ओळ नीट वाचली नाही. १४.३० लिहून ५४,५० लिहिणाऱ्याचे मेन्यूचे वाचन अगदी बरोबर आहे, फक्त घड्याळ चुकले. अशा विद्यार्थ्याला मोठ्या प्रश्नाचे पूर्ण गुण द्यायचे, घड्याळाचा गुण छोट्या प्रश्नात गेलेलाच आहे. एकाच चुकीसाठी दोनदा गुण कापणे मला योग्य वाटत नाही.

२ फेब्रुवारी

खऱ्या मेन्यूंत पदार्थाच्या नावापाशी बारीक उंच अंक किंवा अक्षरे असतात. ती रंगद्रव्य, कॅफीन यांसारख्या घटकांची किंवा ॲलर्जी निर्माण करणाऱ्या पदार्थांची सूचना देतात आणि त्यांचा अर्थ पानाच्या तळाशी दिलेला असतो. युरोपीय संघात १३ डिसेंबर २०१४ पासून १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती सुट्या खाद्यपदार्थांसाठीही देणे बंधनकारक आहे, त्यामुळे हे अंक अनेक मेन्यूंत दिसतात. कोणता अंक कशासाठी हे मात्र प्रत्येक उपाहारगृह स्वतः ठरवते.

माझ्या मेन्यूत कोलापुढे बारीक ‘१, ९’ घातले आणि तळाशी त्यांचा अर्थ दिला. एका विद्यार्थ्याने लगेच कोलाची किंमत १,९० अशी वाचली. अंक काढून टाकण्याचा विचार आला, पण ठेवले. जिथे किंमत वाचायची तिथे हे अंक असणारच आहेत. फक्त कोलाला मोठ्या हिशेबातून दूर ठेवले, म्हणजे ही चूक आधीच्या चार चुकांच्या ठशांमध्ये, म्हणजे त्यांनी बिलावर सोडलेल्या आकड्यांमध्ये, मिसळणार नाही. तिच्यासाठी वेगळा प्रश्न : ‘ज्याला कॅफीन चालत नाही त्याने काय घेऊ नये?’ तळटीप वाचल्याशिवाय याचे पूर्ण उत्तर येत नाही, कारण कॉफी प्रत्येकाला आठवते आणि कोला विसरला जातो.

६ फेब्रुवारी

दुसरी चाचणी झाली. त्याच संस्थेतील दुसऱ्या तुकडीचे नऊ विद्यार्थी, कुणीही पहिला मसुदा पाहिलेला नव्हता. कागद गोळा करून, कुणालाही काही न विचारता, मी प्रत्येक कागदावर पेन्सिलीने निदान लिहिले आणि मगच त्यांच्याशी बोलले.

चौघांचे ४८,३० बरोबर. एकीचे ४४,१० : मी ‘मोठा’ असे लिहिले होते, तिने तेच सांगितले. ती ०,२ हा पहिला आकडा दिसताच तिथेच थांबली होती. एकाचे ४५,०० : ‘उंटर’. त्याला ‘उंटर’ हा शब्द ‘टेबलाखाली’ या अर्थाने पाठ होता, पण वयाच्या संदर्भात त्याचा अर्थ ‘खालील’ असा घ्यायचा हे सुचले नव्हते. शब्द ओळखीचा असून वाक्यात निकामी ठरतो, याचा हा चांगला नमुना आहे.

दोघांचे ५४,५०. छोट्या प्रश्नात एकाने १४.३० लिहिले होते, दुसरीने १३.३०. पहिल्याशी पाच मिनिटे घड्याळावर बोलले तेवढे पुरले. दुसरीने सवलतीची ओळ वाचली होती, पण ते ‘एक तिसरेच जेवण’ आहे असे तिला वाटले. कंसात लिहिलेले सूप आणि नूडल्स म्हणजे वर आलेलेच दोन पदार्थ, हे तिने जोडले नव्हते. नोट पुरत नाही हे तिला दिसले, तेव्हा तिने उत्तरात ‘४,५० युरो कमी पडतात’ असे नीट वाक्य लिहिले. उत्तर चुकीचे, पण वाक्य निर्दोष.

नववा कागद ४८,२० चा. हा आकडा पंधरापैकी कोणत्याच ठशाशी जुळत नाही, म्हणून मी ‘बेरीज’ असे लिहिले. कच्चा हिशेब पाहिला तर पाचही रकमा बरोबर होत्या आणि हातचा मोजताना दहा सेंट निसटले होते. त्याचे जर्मन वाचन निर्दोष आहे. जुन्या पद्धतीने तपासले असते तर त्याला शून्य मिळाले असते आणि ४५,०० वाल्यालाही शून्यच. आता गुण असे ठरवले आहेत : बेरजेच्या आधीच्या प्रत्येक बरोबर रकमेला एक गुण, शेवटच्या उत्तराला एक गुण. त्यासाठी रकमा लिहायला कागदावर पाच रिकाम्या ओळी छापाव्या लागतील. पण ओळींची संख्या छापली तर बिलात पाच बाबी आहेत हेही आपोआप कळते, म्हणून ओळींऐवजी मोकळा चौकोन देणार आहे.

११ फेब्रुवारी

‘उम’ आणि ‘आउफ’ या जोडीवर शेवटचा प्रश्न घातला. मेन्यूखाली एक सूचना छापली : ‘फेब्रुवारीत : दिवसाचे सूप १ युरोने स्वस्त.’ जर्मनमध्ये इथे ‘उम १ युरो’ येते आणि सूप ३,८० होते. ‘आउफ १ युरो’ असते तर सूप १ युरोवर आले असते. मराठीतही फरक एवढ्याशाच खुणेत आहे : युरोने आणि युरोवर. ज्याला मराठीतला ‘ने’ आणि ‘वर’ यांचा भेद स्पष्ट आहे त्याला ही जोडी एका वाक्यात समजावता येते, असा अनुभव आजच्या वर्गात आला.

ही सूचना मोठ्या प्रश्नात मात्र गुंतवली नाही. त्या कुटुंबाचे सूप दुपारच्या जेवणातच येते, म्हणून सूचनेमुळे बरोबर उत्तर बदलत नाही. पण सवलत हुकलेल्या विद्यार्थ्याचे ५४,५० मात्र दोन सुपांचे २ युरो वजा होऊन ५२,५० होईल, आणि ज्याने ‘उम’ चुकीचा वाचला त्याचे सूप १ युरोचे धरले जाऊन दोन सुपांत ७,६० कमी होतील, म्हणजे बिल ४६,९०. दोन चुकांचा हा आकडा ५० च्या आत येतो आणि नोट पुरत नाही हा इशाराच नाहीसा होतो. मोठ्या प्रश्नाच्या माथ्यावर म्हणून ‘जानेवारीतील एक बुधवार’ असे छापले आणि सूचनेसाठी स्वतंत्र प्रश्न ठेवला : फेब्रुवारीत फक्त सूप घेणाऱ्याला किती द्यावे लागतील? बरोबर उत्तर ३,८०. ‘आउफ’ समजणाऱ्याचे १,००, सूचना न वाचणाऱ्याचे ४,८०.

अंतिम प्रत छपाईला दिली. मोकळ्या चौकोनाची उंची सहा सेंटिमीटर ठेवली आहे.